पगाराचं बोलणं: एक फसलेलं, एक जमलेलं

पहिल्यांदा पगारवाढ मागितली तेव्हा अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मागितली. वर्षभर मनात धरून ठेवलं होतं की त्या दिवशी बोलायचं, कारण पगाराबद्दल बोलायची तीच जागा आहे असं मला वाटत होतं. सरांनी माझं रेटिंग सांगितलं, चांगलं होतं. मग पत्र पुढे सरकवलं. मी आकडा पाहिला आणि म्हणाले, "सर, माझी अपेक्षा जास्त होती." सर म्हणाले, "मला कल्पना आहे, पण आकडे आता लॉक झालेत." मी घरच्या हप्त्यांचं सांगितलं, चार वर्षं एकाच जागी आहे हे सांगितलं, सुट्टीच्या दिवशी आल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि काहीच झालं नाही.

त्या वेळी मला वाटलं की सरांना माझी किंमत नाही. पुढच्या वर्षभरात कळलं की त्या दिवशी त्यांच्या हातात खरोखर काही नव्हतं. जे ठरायचं होतं ते साडेतीन महिने आधी ठरून गेलं होतं, आणि ते ठरत असताना माझ्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे माझ्याकडून आलेली एक ओळही नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी हे वेगळ्या रीतीने केलं. तोच प्रवास इथे सांगते आहे. पगाराचे खरे आकडे देत नाही, टक्क्यांत सांगते. मुद्दा समजायला तेवढं पुरेसं आहे.

मी एका कंपनीच्या बिलिंग विभागात काम करते. ग्राहकाला बिल जातं. त्यात चूक निघाली की ग्राहक पैसे अडवतो, मग आम्ही क्रेडिट नोट, म्हणजे चुकलेल्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढतो आणि दुरुस्त बिल पाठवतो. महिनाअखेरीला सगळे हिशेब जुळवून बंद करायचे असतात, त्याला आम्ही क्लोजिंग म्हणतो. काम बाहेरून दिसत नाही. सगळं नीट चाललं की कुणाला कळत नाही, चुकलं की लगेच फोन येतो. अशा कामाचं मोल सांगायचं कसं, ही माझी खरी अडचण होती.

सगळ्यात आधी मी एक साधा प्रश्न विचारला. पगाराचं नावही न काढता एका नेहमीच्या बोलण्यात सरांना म्हटलं, "पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये आपल्या विभागाचे आकडे तुम्हाला कधी द्यावे लागतात?" त्यांनी सहज सांगितलं: वर्ष संपायच्या तीन महिने आधी फायनान्सकडे जातात. त्यात पगाराचा एकूण खर्चही असतो. मग रेटिंगं ठरतात. मग सगळ्या विभागांचे प्रमुख एकत्र बसून ती जुळवून घेतात, म्हणजे एकाच विभागात सगळेच उत्कृष्ट ठरू नयेत. त्यानंतर पत्रं छापली जातात आणि शेवटी अप्रेझलची मीटिंग होते. म्हणजे जिथून मी सुरुवात केली होती ती या साखळीची शेवटची कडी होती. मॅनेजरला माझ्यासाठी काही मागायचं असेल तर ते त्या पहिल्या कागदात असावं लागतं. नंतर मागायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून काढायचं, आणि ते कुठल्याही मॅनेजरला जड जातं.

प्रत्येक ठिकाणी हे वेळापत्रक वेगळं असेल, छोट्या कंपनीत कदाचित मालकाच्या मनातच असेल. पण कुठेतरी एक तारीख असते जिच्यानंतर पैसे वाटून झालेले असतात. ती मला कळली तेव्हा माझ्या हातात आठ आठवडे होते.

दुसरी गोष्ट एचआरमधल्या बाईंकडून कळली, आणि ती माहीत नसती तर मी पुन्हा चुकीचं मागितलं असतं. आमच्याकडे प्रत्येक ग्रेडला पगाराचा एक पट्टा असतो, त्याला बँड म्हणतात. त्याला खालचं टोक असतं, वरचं टोक असतं आणि एक मध्य असतो. त्या कामात पूर्ण तयार झालेल्या माणसाचा पगार साधारण मध्याजवळ असावा अशी कल्पना असते. मी विचारलं, "माझा पगार माझ्या बँडमध्ये कुठे बसतो, हे मला कळू शकतं का?" दोन दिवसांनी उत्तर आलं: मध्य १०० धरला तर तुम्ही ८४ वर आहात. कुणाचाही पगार न विचारता मला माझी जागा कळली. सगळ्याच कंपन्या हे सांगत नाहीत, पण विचारायला हरकत नसते, आणि विचारणं म्हणजे मागणी करणं नव्हे.

त्याच बोलण्यात त्या आणखी एक म्हणाल्या. "एखादं काम चांगलं झालं तर त्याचं बक्षीस रेटिंगमध्ये किंवा बोनसमध्ये येतं. मूळ पगार वर्षाच्या मध्ये वाढवायचा किंवा नेहमीच्या इन्क्रिमेंटपेक्षा जास्त वाढवायचा, तर आम्ही दोनच गोष्टी पाहतो. माणूस बँडमध्ये त्याच्या कामाच्या मानाने फार खाली आहे का, आणि त्याचं काम कायमचं बदललंय का." मी हे वहीत लिहून ठेवलं. मनातली माझी यादी 'मी काय काय केलं' अशी होती. त्यांना हवं होतं 'आता माझं काम काय आहे'. दोन्ही वरवर सारखंच वाटतं, पण बोनस एकदाच द्यायचा असतो आणि मूळ पगार दर महिन्याला, कायम. म्हणून त्याचं कारणही कायमचं लागतं.

मग कागद लिहायला बसले. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यात तेवीस मुद्दे होते. मी प्रशिक्षण घेतलेलं होतं, सणाच्या आदल्या रात्री थांबलेले होते, एका चिडलेल्या ग्राहकाला समजावलं होतं. सगळं खरं होतं. आमच्याच विभागातून दुसरीकडे गेलेल्या एका मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "हे सरांनी पुढे पाठवलं तर त्यांच्या साहेबांना यातलं काय लक्षात राहील?" तोवर मी गृहीत धरलं होतं की कागद सर वाचणार. तिने विचारल्यावर लक्षात आलं की सर तो वाचतील आणि मग मी नसलेल्या खोलीत, मला न ओळखणाऱ्या माणसांपुढे मांडतील. त्या खोलीत त्यांच्याबरोबर फक्त कागद असेल. तेवीसपैकी दोन मुद्दे ठेवले.

पहिला मुद्दा क्रेडिट नोटांचा. माझ्या डोक्यात पक्कं होतं की वर्षभरात चुका खूप कमी झाल्या आणि त्या मी कमी केल्या. 'खूप' म्हणजे किती, हे मात्र माझ्याकडे नव्हतं. आधीची स्थिती मी कुठेच नोंदवून ठेवली नव्हती. शेवटी अकाउंट्सच्या क्रेडिट नोट रजिस्टरमधून दोन तिमाह्या काढल्या, माझ्या बदलाच्या आधीची एक आणि नंतरची एक. आधी दर हजार बिलांमागे ५८ क्रेडिट नोटा निघत होत्या. नंतर १९. मी अगदी खूश झाले. पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं: चुका ५८ वरून १९ वर आणल्या.

रात्री झोपताना आठवलं की त्याच सहा महिन्यांत बिलिंगचं नवीन सॉफ्टवेअरही आलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर पुन्हा उघडलं. प्रत्येक क्रेडिट नोटेवर कारण लिहिलेलं असतं. त्या कारणांनुसार वेगळं करत बसले, दोन संध्याकाळी गेल्या. करकोड आणि टायपिंगच्या चुका हजारामागे २२ वरून ४ वर आल्या होत्या. ते नव्या सॉफ्टवेअरचं काम, ते आता कोड आपोआप भरतं. दरातल्या चुका, म्हणजे करारात एक दर आणि बिलात दुसरा, २७ वरून ७ वर आल्या होत्या. तो माझा भाग. ग्राहकांचे बदललेले दर ईमेलमध्ये पडून राहायचे. मी एकच दरपत्रक केलं आणि दर सोमवारी विक्री विभागाकडून त्यावर होकार घ्यायला लागले. बाकीच्या चुका, माल कमी पोचला वगैरे, ९ वरून ८. त्यात फारसा फरक नाही, आणि तो माझ्या हातातही नाही.

म्हणजे ३९ कमी झालेल्या नोटांपैकी माझ्या २०. महिन्याला आमची साधारण २४०० बिलं निघतात, तर माझ्यामुळे महिन्याला सुमारे ४८ क्रेडिट नोटा कमी. एक नोट काढायला आमचा, विक्रीचा आणि अकाउंट्सचा मिळून चाळीस मिनिटं वेळ जातो. हे मी दहा नोटांवर घड्याळ लावून पाहिलं होतं. ४८ गुणिले ४० मिनिटं म्हणजे महिन्याला ३२ तास. कागदावर तेवढंच लिहिलं, आणि खाली एक ओळ: करकोडच्या चुका नव्या सॉफ्टवेअरमुळे कमी झाल्या, त्या यात धरलेल्या नाहीत.

ती ओळ लिहिताना हात थांबला होता. मोठा आकडा समोर असताना लहान आकडा लिहायचा म्हणजे आपणच आपलं कमी करतोय असं वाटतं. पण ते सॉफ्टवेअर कुणाच्या बजेटमधून आलं होतं? फायनान्सच्या प्रमुखांच्या. आणि माझा कागद शेवटी कुणापुढे जाणार होता? त्यांच्याचपुढे. सगळं श्रेय मी घेतलं असतं तर त्यांनी पहिल्याच ओळीला हात घातला असता आणि पुढचं खरंही खोटं वाटलं असतं.

दुसरा मुद्दा खरं तर मुख्य होता. चौदा महिन्यांपूर्वी आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ ताई नोकरी सोडून गेल्या होत्या. त्या माझ्यापेक्षा एक ग्रेड वर होत्या. त्यांची जागा भरली गेली नाही. क्लोजिंग माझ्याकडे आलं, दोन नव्या मुलांचं काम तपासणं माझ्याकडे आलं, मोठ्या ग्राहकांचे वाद माझ्याकडे आले. कुणी 'हे आता तुझं' असं म्हटलं नव्हतं, ते फक्त येत गेलं.

मसुद्यात मी लिहिलं होतं की ताईंचा पगार वाचवून कंपनीने माझ्याकडून दोघींचं काम करून घेतलं. मैत्रिणीने ते खोडलं. मी वाद घातला, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, "जागा न भरण्याचा निर्णय कुणाचा? सरांचा. आता त्यांनी हा कागद आपल्या हाताने साहेबांना द्यायचा?" मी ते वाक्य काढलं. दुखलं, पण काढलं. रागाचं खरं कारण असलं तरी ते वाक्य माझी बाजू मांडत नव्हतं, सरांना आरोपीच्या जागी उभं करत होतं.

त्याऐवजी मी वरच्या ग्रेडच्या पदाचं कामाचं वर्णन मिळवलं. ते एचआरकडे असतंच, जाहिरात काढताना वापरतात. त्यात दहा जबाबदाऱ्या होत्या. कागदावर तीन रकाने केले: जबाबदारी, मी करते का, कधीपासून. दहापैकी सात मी एक वर्षाहून जास्त काळ करत होते. तीन करत नव्हते: नव्या माणसांची निवड, ऑडिटच्या प्रश्नांना लेखी उत्तरं, विभागाचं बजेट तयार करणं. तिथे सरळ 'नाही' लिहिलं. क्लोजिंगच्या रकान्यात एक छोटी भर घातली: आधी नऊ कामाचे दिवस लागायचे, गेले पाच महिने सहा दिवसांत होतं.

बाजारात असल्या कामाला काय मिळतं हेही पाहिलं. पण पदाच्या नावावर गेलं तर फसायला होतं. एकाच नावाच्या पदात कुठे नुसतं बिल काढायचं असतं तर कुठे चार माणसं सांभाळायची असतात. म्हणून जाहिरातीतलं काम वाचून जुळणाऱ्या तेवढ्याच बाजूला ठेवल्या. मी मागणार होते तो आकडा त्यांच्या मधोमध येत होता. एवढ्याने मला धीर आला, कागदावर मात्र एकच ओळ लिहिली.

एका सहकाऱ्याचा पगार मला कळला होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त होता. ते आत खुपत होतं. ते कागदावर घेतलं नाही आणि तोंडीही काढलं नाही, कारण त्याच्याबद्दल सर माझ्याशी बोलू शकत नाहीत, आणि एकदा ते नाव निघालं की पुढचा अर्धा तास त्याच्यावरच जातो. भेदभावाची शंका असती तर मार्ग वेगळा असता, ती तक्रार म्हणून रीतसर एचआरकडे न्यायची असते. माझं तसं नव्हतं. तो माझ्या तीन वर्षं आधी लागला होता.

आकडा ठरवला. ८४ वरून ९६ वर. म्हणजे सध्याच्या पगारावर साधारण १४ टक्के. नेहमीचं इन्क्रिमेंट ६ टक्क्यांच्या आसपास असतं, ते धरूनच. १०० का नाही मागितलं? कारण दहातल्या तीन जबाबदाऱ्या मी करत नव्हते, आणि 'पूर्ण तयार माणूस मध्यावर' हे त्यांचंच माप होतं. आकड्यामागे कारण असलं की तो बोलताना चाचरायला होत नाही, हे मला नंतर जाणवलं.

वेळेचा प्रश्न अजून होता. बजेटची तारीख सहा आठवड्यांवर होती आणि मला कागद लवकर द्यायचा होता, कारण सरांनाही तो पचवायला वेळ हवा. त्याच आठवड्यात एक मोठा ग्राहक सोडून गेला. ऑफिसात सगळे चेहरे पडलेले. वाटलं, यंदाही राहू द्यावं. पण तारीख तर हलणार नव्हती. मग मधला मार्ग काढला: दहा दिवस थांबले. तेवढ्यात क्लोजिंगही झालं, वरच्या बैठकाही झाल्या. क्लोजिंगनंतरच्या दुसऱ्या दिवशी, काम वेळेत संपलेलं असताना, सरांना मेसेज केला:

"सर, माझी भूमिका आणि पगार याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? एक पानाची टिपण आधी पाठवते."

विषय लपवला नाही. 'जरा बोलायचं होतं' असं लिहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं मी राजीनामा देतेय, आणि ऐनवेळी पगाराचं काढलं असतं तर ते तयारीशिवाय सापडले असते. तयारी नसलेला माणूस बहुधा नाही म्हणतो, कारण 'नाही' म्हणायला तयारी लागत नाही.

भेट गुरुवारी झाली. घरी मी पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, पाच-सहा वेळा. "सर, गेल्या चौदा महिन्यांत माझं काम बदललंय. वरच्या ग्रेडच्या दहापैकी सात जबाबदाऱ्या माझ्याकडे आहेत. मी बँडमध्ये ८४ वर आहे. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये माझा पगार ९६ पर्यंत न्यावा अशी माझी विनंती आहे." आणि मग मी गप्प बसले. ते गप्प बसणं फार अवघड गेलं. जीभ वळवळत होती, 'म्हणजे जमत असेल तर' असं काहीतरी पुढे जोडायला. जोडलं नाही.

सर म्हणाले, "या वर्षी परिस्थिती तुला माहीतच आहे."

मी म्हटलं, "हो सर, माहीत आहे. म्हणूनच बजेट जायच्या आधी आले. तुमच्या अधिकारात किती बसतं आणि त्यापुढे कुणाची मंजुरी लागते, हे समजेल का?"

या प्रश्नाने बोलण्याचा रोख बदलला. त्यांनी सांगितलं की नेहमीच्या इन्क्रिमेंटच्या वर दोन टक्के ते स्वतः देऊ शकतात. त्यापुढे विभागप्रमुख, फायनान्स आणि एचआर, तिघांची सही लागते. तोवर आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो. त्यानंतर दोघंही त्या तीन सह्यांकडे पाहत होतो.

मग त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलंच, "चुका कमी झाल्या त्या नवीन सॉफ्टवेअरमुळे नाहीत का?" मी खालची ओळ दाखवली आणि कारणांनुसार केलेला तक्ता काढला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हे तू वेगळं केलंस हे बरं केलंस. मला तिथे हाच प्रश्न येणार होता." पुढे त्यांनी ३२ तासांचा हिशेब माझ्याकडून दोनदा समजून घेतला, म्हणजे स्वतः सांगता यावा म्हणून. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हे पुढे जाईल.

तीन 'नाहीं'वर त्यांचं बोट थांबलं. "आणि ही तीन?" मी म्हटलं, "संधी मिळाली तर शिकायची आहेत. आत्ता करत नाही, म्हणून मध्यापर्यंतचं मागितलेलं नाही." ते काही बोलले नाहीत, पण पेनाने तिथे एक खूण केली.

शेवटी मी एवढंच विचारलं की उत्तराची वाट कधीपर्यंत पाहू. ते म्हणाले सहा आठवडे. त्याच संध्याकाळी मी पाच ओळींचा ईमेल पाठवला: काय मागितलं, कुणाची मंजुरी लागेल असं ठरलं, कधी पुन्हा बोलायचं. आभार मानले आणि कागद जोडला. दुसरी नोकरी हातात आहे असं काही मी सुचवलं नाही, कारण नव्हती. खोटी धमकी दिली आणि समोरून 'मग जा' असं आलं, तर पुढे काय करणार होते?

पाच आठवडे काहीच कळलं नाही. रोज सरांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे, आणि तो रोज वेगळा निघायचा. एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एचआरकडून एक प्रश्न आला, क्लोजिंगचे सहा दिवस कुठून मोजले म्हणून. मी महिन्याची शेवटची तारीख आणि हिशेब बंद झाल्याची सिस्टममधली नोंद, दोन्ही पाठवली. तो प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण कागद खरोखर कुणीतरी वाचत होतं. सहावा आठवडा संपला तेव्हा एकदाच आठवण केली.

उत्तर आलं: १० टक्के. इन्क्रिमेंट धरून. म्हणजे ८४ चे ९२.४.

मागितलं होतं त्यापेक्षा कमी होतं, आणि त्या क्षणी आनंदापेक्षा ती उणीव आधी दिसली. पण मी लगेच काही बोलले नाही. "उद्या बोलू का सर?" एवढंच म्हटलं. रात्री शांतपणे पाहिलं. फायनान्सने यंदा कुणालाच १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ द्यायची नाही असं ठरवलं होतं. त्या भिंतीवर डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. पण उरलेल्या भागाला तारीख मिळवता येते का, हे पाहता येत होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "उरलेल्या फरकाचा विचार सहा महिन्यांनी होऊ शकेल का? आणि त्यासाठी मी काय करून दाखवायला हवं?" सरांनी पेनाची ती खूण केलेला कागद काढला. ऑडिटची उत्तरं आणि बजेटचा मसुदा, ही दोन कामं त्यांनी मला द्यायचं कबूल केलं. निवडीचं काम नाही, कारण सहा महिन्यांत भरतीच होणार नव्हती. मी विनंती केली की हे ईमेलवर असावं: कोणती दोन कामं, कोणत्या महिन्यात पाहणी, आणि मंजूर झाल्यास वाढ कोणत्या तारखेपासून. त्यांनी तसा ईमेल एचआरला प्रत ठेवून पाठवला. 'पाहू' या शब्दाला तारीख नसते, म्हणून मला ती ओळ हवी होती.

पाचव्या महिन्यात सरांची दुसऱ्या विभागात बदली झाली.

ते कळलं त्या दिवशी पोटात गोळा आला. नव्या मॅडमना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि आधीच्या माणसाचा शब्द नव्या माणसाने का पाळावा? सरांना जायच्या आधी भेटले आणि म्हटलं, "हस्तांतराच्या यादीत ही एक ओळ घालाल का?" त्यांनी घातली. मॅडम रुजू झाल्यावर दोन आठवडे मी काही काढलं नाही, त्यांना विभाग समजून घेऊ दिला. मग तो ईमेल, ऑडिटला गेलेली उत्तरं आणि मी केलेला बजेटचा मसुदा, तिन्ही एकत्र पाठवलं. बजेटच्या मसुद्यात माझी एक मोठी चूक झाली होती, कुरिअरचा खर्च दोन ठिकाणी धरला गेला होता. ती कशी सापडली आणि कशी दुरुस्त केली हेही लिहिलं, कारण फाइलच्या जुन्या प्रतींत ती दिसणारच होती.

मॅडमनी अर्धा तास प्रश्न विचारले, बहुतेक त्या चुकीबद्दलच. मग म्हणाल्या, "ठरलेलं आहे, काम झालेलं आहे. मी पुढे पाठवते." ३ टक्के आले, ईमेलमध्ये लिहिलेल्या तारखेपासून. ९२.४ चे ९५ च्या थोडं वर.

वरचा ग्रेड अजून मिळालेला नाही. त्यासाठी निवडीचं काम हवं, आणि पुढच्या तिमाहीत एक जागा भरायची आहे. मॅडमनी मुलाखतींना बसायला सांगितलं आहे. शुक्रवारी घरी निघायच्या आधी मी दहा मिनिटं एका फाइलमध्ये लिहिते: काय केलं, आधी किती होतं, आता किती आहे, नोंद कुठे सापडेल. या आठवड्याच्या ओळीत दरातल्या चुका हजारामागे ६ आहेत.